टाइल लावण्याआधी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग: वाटा, पाइपची भोकं आणि पाणी भरून घ्यायची चाचणी

फ्लॅटमधल्या बाथरूमची फरशी मधोमध क्वचितच गळते. गळते ती कडांना. भिंत आणि जमीन मिळतात तो कोपरा, भिंतीतून डक्टकडे जाणारा पाइप, नहाणी ट्रॅपची कड आणि दारातला उंबरा, या चार जागा सांभाळल्या तर खालच्या घराच्या छताला ओल येत नाही. त्यातली एक जरी सुटली तर महागातलं कोटिंगही उपयोगाचं नाही. टाइलच्या भरवशावर राहू नये. टाइलमधून पाणी जात नसलं तरी सांध्यांतून जातं आणि खालच्या मालात साचून राहतं. पाण्याला अडवायचं असतं ते टाइलच्या खाली.

उदाहरणाला पुण्या-मुंबईकडच्या पंधरा-वीस वर्षं जुन्या सोसायट्यांत हमखास दिसणारं बाथरूम घेऊ. माप ४ फूट बाय ७ फूट, एका टोकाला दार, मध्ये कमोड, दुसऱ्या टोकाला शॉवर आणि तिथेच नहाणी ट्रॅप. स्लॅब खोलीच्या स्लॅबपेक्षा २०० मिमी खाली, म्हणजे सन्कन. ट्रॅप आणि आडवे पाइप या खड्ड्यात बसतात आणि बाजूच्या भिंतीतून डक्टमध्ये निघतात. अशा बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग दोन पातळ्यांवर करतात, एक खड्ड्याच्या तळाला आणि एक टाइलच्या लगेच खाली. पाणी भरून चाचणीही दोनदा घ्यायची. तुमच्याकडे सन्कन नसेल आणि पाइप स्लॅबखालून गेले असतील, तर तळाच्या थराचा भाग सोडून द्या. पाइप आणि ट्रॅपभोवतीचं काम तसंच राहतं, फक्त भोकं भिंतीऐवजी स्लॅबमध्ये असतात.

तोडायचं कुठपर्यंत

जुन्या टाइलवर नवी टाइल चढवून गळती थांबत नाही. टाइल, तिच्या खालचा माल आणि सगळा जुना कोबा काढून मूळ स्लॅब उघडा करायचा. कोबा फोडताना खालचे विटांचे तुकडे ओले निघाले, त्यांना कुबट वास आला, तर पाणी बऱ्याच दिवसांपासून आत मुरतंय असं समजावं. तोडकाम छन्नी-हातोड्यानेच करून घ्या. स्लॅब जेमतेम चार-पाच इंच जाड असतो, त्यावर मोठं ब्रेकर मशीन चालवलं की नव्या भेगा पडतात. खड्ड्याच्या बाजूला बीम असेल तर त्याला हात लावू नका. पाइपसाठी बीममध्ये नवं भोक पाडायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

स्लॅब उघडा झाला की तारेच्या ब्रशने घासा, झाडा, पुन्हा घासा. कोटिंग धुळीवर मारलं तर ते धुळीला चिकटतं, स्लॅबला नाही. आता स्लॅबकडे उन्हाच्या किंवा टॉर्चच्या तिरक्या उजेडात पाहा. जिथे खडी सुटी दिसते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळी दिसते, तिथे थापीच्या दांड्याने ठोकून बघा. पोकळ वाजलं तर तेवढा भाग खणून काढा आणि न आकसणाऱ्या ग्राउटने भरा. भेग असेल तर ती साधारण १० मिमी रुंद आणि तेवढीच खोल उघडून पॉलिमर घातलेल्या सिमेंट मालाने भरा. गंजलेली सळई उघडी पडली असेल तर मात्र पुढे जाऊ नका, आधी स्लॅबची दुरुस्ती करून घ्या.

याच टप्प्यावर खालच्या घरात जाऊन छताचे फोटो काढून ठेवा आणि जुन्या डागांच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा. जुन्या ओलीचं पाणी स्लॅबमधून पुढचे कित्येक दिवस झिरपत राहतं. छत कोरडं व्हायच्या आत चाचणी घेतली तर दिसणारा थेंब जुना की नवा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

पाइपची भोकं

सगळे पाइप आणि ट्रॅप कोटिंगच्या आधी कायमचे बसवून घ्यायचे. कोटिंग झाल्यावर प्लंबरने पुन्हा एक भोक पाडलं की सगळं काम वाया जातं. नळाच्या पाण्याच्या लाइनला हातपंपाने १० किलोपर्यंत प्रेशर देऊन तासभर काटा पाहा. ड्रेनेजच्या बाजूला प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद ठेवा आणि ट्रॅपमध्ये दोन-दोन बादल्या पाणी ओता. कागदावर ओला ठिपका उमटला तर जोड गळतोय. ही पाच मिनिटांची तपासणी टाळली तर पुढे पाइपची गळती वॉटरप्रूफिंगच्या नावावर जाते आणि चांगला कोबा पुन्हा फोडावा लागतो.

पीव्हीसी पाइप गुळगुळीत असतो आणि गरम पाण्याने किंचित फुगतो-आकसतो, म्हणून सिमेंट त्याला धरत नाही. नुसता माल थापून भोक बुजवलं तर वर्षभरात पाइपभोवती केसाएवढी फट पडते. यावर तीन गोष्टी करायच्या. भोकाची आतली बाजू टोचून खडबडीत करायची आणि धूळ काढायची. पाइप भिंतीतून जातो तेवढ्या भागात त्याला सॅंडपेपरने घासून चमक घालवायची. मग पाइपभोवती चहूबाजूंनी निदान १५ ते २० मिमी जागा ठेवून ती न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची. ग्राउट ओला असतानाच बाथरूमच्या बाजूने पाइपभोवती १० मिमीची खाच ठेवायची आणि ग्राउट वाळल्यावर त्या खाचेत पॉलियुरेथेन सीलंट भरायचं. हे सीलंट रबरासारखं लवचीक राहतं, त्यामुळे पाइप हलला तरी फट पडत नाही.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक साइटवर होते. आडव्या पाइपच्या खाली आणि बाजूंना ग्राउट नीट बसतो, पण वरच्या बाजूला तो सुकताना थोडा खाली बसतो आणि पाइपच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी बारीक फट राहते. वरून पाहिलं तर ती दिसत नाही. दुसऱ्या दिवशी आरसा धरून किंवा मोबाइलचा कॅमेरा आडवा लावून पाइपचा माथा बघायचा आणि फट असेल तर पुन्हा भरायची.

खड्डा उघडा आहे तोवर स्लॅबच्या पातळीला एक २५ मिमीचा पाइप भिंतीतून डक्टमध्ये काढून ठेवणं चांगलं, अर्थात तिथे बीम नसेल आणि सोसायटीची परवानगी असेल तर. त्याला ड्रेनेजच्या लाइनला जोडू नका. डक्टमध्ये तोंड खाली वळवून उघडा ठेवा. काम चांगलं असेल तर तो कायम कोरडा राहील. कधीकाळी वरचा थर फुटला तर पाणी खालच्या छताऐवजी या तोंडातून ठिबकेल आणि वेळेत कळेल.

वाटा

भिंत आणि स्लॅब काटकोनात मिळतात तिथे कोटिंग दोन कारणांनी फाटतं. एक तर ब्रश आतल्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही आणि थर तिथे पातळ राहतो. दुसरं, भिंत आणि स्लॅब वेगवेगळे हलतात आणि सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. म्हणून कोपरा मालाने भरून गोलसर करायचा. यालाच गवंडी वाटा म्हणतात.

वाटा १:३ सिमेंट-वाळूच्या मालाचा करा. त्यात आयएस २६४५ चिन्ह असलेलं वॉटरप्रूफिंग लिक्विड घाला, साधारण ५० किलोच्या एका गोणीला २०० मिली, किंवा डब्यावर लिहिलं असेल तेवढं. जास्त घातल्याने जास्त फायदा होत नाही. कोपऱ्यावर आधी सिमेंटची पातळ स्लरी मारायची आणि ती ओली असतानाच माल भरायचा, म्हणजे पकड येते. वाट्याची गोलाई ४० ते ५० मिमी पुरे. काचेच्या बाटलीचा बुडाकडचा भाग ओला करून मालावरून फिरवला की एकसारखा गोल येतो. उभ्या कोपऱ्यांनाही, म्हणजे भिंत आणि भिंत मिळतात तिथे, निदान एक फूट उंचीपर्यंत हे करायचं. त्यानंतर दोन-तीन दिवस पाणी मारायचं.

तळाच्या स्लॅबवरही १:४ मालाचा २० मिमीचा थर देऊन त्याला त्या २५ मिमी पाइपकडे हलका ढाळ द्यावा. मूळ स्लॅब बहुधा खाली-वर असतो आणि खडबडीत जागेवर कोटिंगची जाडी एकसारखी येत नाही.

कोटिंग आणि त्याचा हिशेब

घरगुती बाथरूमला सर्वांत सोयीचं म्हणजे दोन घटकांचं पॉलिमर सिमेंट कोटिंग, ज्यात पावडर आणि दुधासारखं लिक्विड वेगवेगळं येतं. पॉलियुरेथेनची लवचीक कोटिंगंही चालतात, पण त्यांना पूर्ण कोरडा पृष्ठभाग लागतो आणि शेवटच्या ओल्या थरावर वाळू भुरभुरवल्याशिवाय त्यावर टाइल धरत नाही. नवख्याने पहिल्या प्रकारानेच सुरुवात करावी.

माल मागवण्याआधी क्षेत्रफळ काढा. आपल्या बाथरूमचा तळ ४ गुणिले ७, म्हणजे २८ चौरस फूट. परिघ २२ फूट, त्याला खड्ड्याची ८ इंच उंची, म्हणजे सुमारे १५ चौरस फूट. खालच्या थराचे झाले ४३. वरच्या थरात जमिनीचे पुन्हा २८. दार सोडून उरलेल्या साडेएकोणीस फूट भिंतीवर एक फूट उंचीपर्यंत साडेएकोणीस. शॉवरची मागची भिंत ४ फूट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट, म्हणजे १० फूट लांबी, आणि तिथे कोटिंग ६ फुटांपर्यंत न्यायचं, तेव्हा आणखी ५० चौरस फूट. दोन्ही थरांची बेरीज साधारण १४० चौरस फूट.

या प्रकारच्या मालाला दोन हातांत मिळून साधारण ७ चौरस फुटांना १ किलो लागतो. तेव्हा १४० फुटांना २० किलो, आणि कोपऱ्यांत जाळीवर जास्तीचं लागतं म्हणून २२ किलो धरा. ब्रँडप्रमाणे हा आकडा थोडा बदलतो, तो पाकिटावर बघा. आधी केलेला हिशेब कामाच्या वेळी फार उपयोगी पडतो. पंधरा किलोचा एकच संच आणून सगळं काम उरकलं, तर थर पातळ पडलाय हे रिकामा डबा पाहूनच कळतं. वाळलेल्या कोटिंगची जाडी डोळ्यांनी ओळखता येत नाही, पण संपलेल्या मालाचं वजन मोजता येतं.

लावायच्या दिवशी पृष्ठभाग पाण्याने भिजवा आणि साचलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. हात लावला तर गार आणि ओलसर लागावा, पण चमकता कामा नये. कोरड्या जागेवर लावलं तर स्लॅब कोटिंगमधलं पाणी ओढून घेतो आणि थर भुसभुशीत होतो. बादलीत आधी लिक्विड ओता आणि मग थोडी थोडी पावडर टाकत मंद वेगाच्या ड्रिलवर लावलेल्या फिरकीने तीन मिनिटं ढवळा. प्रमाण बहुतेक ठिकाणी वजनाने लिक्विड एक भाग आणि पावडर दोन भाग असं असतं. घट्ट वाटलं म्हणून वरून पाणी घालणं ही दुसरी मोठी चूक, त्याने थर वाळताना बारीक भेगा पडतात. मिश्रण अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढंच एका वेळी कालवा.

सुरुवात कोपऱ्यांपासून आणि पाइपांपासून करायची. वाट्यावर कोटिंगचा हात मारा, तो ओला असतानाच त्यावर ४ ते ६ इंच रुंद फायबरग्लास जाळीची पट्टी दाबून बसवा आणि वरून पुन्हा ब्रश फिरवा, जाळीची वीण दिसेनाशी होईपर्यंत. पाइपभोवती जाळीचा चौकोनी तुकडा मधोमध भोक पाडून घाला. त्यानंतर सगळ्या पृष्ठभागावर पहिला हात एका दिशेने. चार ते सहा तासांनी अंगठा दाबून पाहा. बोटाला काही लागलं नाही आणि ठसा उठला नाही, की दुसरा हात आडव्या दिशेने. दिशा बदलल्याने पहिल्या हातात राहिलेले बारीक छिद्रांचे ठिपके झाकले जातात. पहिला हात करड्या आणि दुसरा पांढऱ्या रंगाचा मिळाला तर घ्या, सुटलेली जागा लगेच दिसते.

पॉलिमर कोटिंगला वाळायला हवा लागते, पाणी नाही. सवयीने गवंडी त्याच संध्याकाळी त्यावर पाणी मारतो, ते थांबवा. निदान तीन दिवस तसंच सुकू द्या. कोकणात किंवा पावसाळ्यात पाच दिवस द्या आणि दारात पंखा लावा. या काळात आत कुणी चपला घालून जाऊ नये आणि शिडी टेकवू नये.

पहिली चाचणी

पाणी भरून ठेवण्याच्या चाचणीला साइटवर पाँडिंग म्हणतात. ती फसते ती बहुधा मांडणीत. जे जोड तपासायचे ते पाण्याखालीच नसतात आणि मग चाचणी पास झाल्यासारखी दिसते. आपल्या खड्ड्यात कमोडचा ११० मिमीचा पाइप तळापासून १५ मिमीवर सुरू होतो असं धरलं, तर त्याचा माथा १२५ मिमीवर येतो. कंत्राटदाराने ५० मिमी पाणी भरलं तर पाइपचा वरचा निम्म्याहून जास्त भाग तपासलाच जात नाही, आणि चंद्रकोरीची फट असते ती नेमकी तिथे. म्हणून पाणी सर्वांत उंच पाइपच्या माथ्याच्या वर निदान २५ मिमी हवं. इथे १५० मिमी भरायचं. त्याला सुमारे ३९० लिटर पाणी लागेल. वजनाची काळजी नको. दर चौरस फुटाला १४ किलो भरतात, आणि हा खड्डा विटांच्या कोब्याने भरला तर त्याच्या दुपटीहून जास्त वजन येतं.

२५ मिमीचा पाइप आणि इतर उघडी तोंडं रबरी टेस्ट प्लगने बंद करा. प्लग नसेल तर वाळू भरलेली प्लॅस्टिकची पिशवी दाबून बसवा. मग डक्टमध्ये डोकावून तोंड कोरडं आहे ना ते पाहा, कारण बुच गळत असेल तर पातळी उतरेल आणि तुम्ही उगाच कोटिंगला दोष द्याल. पाणी पाइपने थेट कोटिंगवर सोडू नका, बादलीत किंवा गोणपाटावर सोडा.

भरल्यानंतर तासाभरात पाणी दुधासारखं झालं तर कोटिंग अजून कच्चं आहे. पाणी काढून टाका, आणखी तीन दिवस सुकवा, आणि जिथे थर बोटाने निघतो तिथे पुन्हा दोन हात मारा.

पहिल्या रात्री सिमेंटचा पृष्ठभाग थोडं पाणी पितोच. म्हणून संध्याकाळी भरा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा १५० मिमीपर्यंत भर घाला, आणि खरी सुरुवात तिथून धरा. समोरासमोरच्या दोन भिंतींवर बारीक टोकाच्या मार्करने पाण्याची रेघ मारा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. आता एक साधी सरळ बादली पाण्याने भरून तिथेच बाथरूममध्ये ठेवा आणि तिच्या आतही रेघ मारा. बादलीतलं पाणी फक्त हवेत उडून कमी होतं. बाथरूममधलं पाणी बादलीएवढंच उतरलं तर गळती नाही, जास्त उतरलं तर फरक कुठेतरी जातोय. ही बादली नसेल तर उन्हाळ्यात रोज दोन-तीन मिमी उतरलेल्या पाण्यावरून वाद सुरू होतात आणि त्यांचा निकाल लागत नाही.

चाचणी ७२ तास ठेवा. चोवीस तास पुरत नाहीत, कारण चार-पाच इंच काँक्रीटमधून ओल खाली उतरायला वेळ लागतो. खालच्या घरात रोज एकदा जायचं. फॉल्स सीलिंग असेल तर एक पॅनेल काढून वर पाहायचं. पेन्सिलच्या रेघेबाहेर डाग गेलाय का ते बघा आणि टिश्यूचा कागद छताला आणि पाइपभोवती दाबून पाहा. बाथरूमच्या भिंतीमागची बेडरूमची भिंत, विशेषतः स्कर्टिंगच्या वरचा अर्धा फूट, आणि डक्टची बाजूही तपासा. पाणी नेहमी सरळ खालीच जातं असं नाही.

आकडे कसे वाचायचे

समजा २४ तासांनी बाथरूम ४ मिमी आणि बादली ३ मिमी उतरली, ४८ तासांनी ७ आणि ६, ७२ तासांनी १० आणि ९. फरक एकाच मिमीचा आहे आणि वाढत नाही. तो मोजण्यातला किंवा भिंतीने प्यालेल्या पाण्याचा आहे. खालचं छत कोरडं असेल तर चाचणी पास.

आता दुसरं चित्र. पहिल्या २४ तासांत बाथरूम २२ मिमी उतरलं, बादली ३ मिमी. ४८ तासांनी एकूण ३२ मिमी, म्हणजे पाणी ११८ मिमीवर आलं. त्यानंतर मात्र ते बादलीच्याच गतीने उतरतंय. पाणी जिथे थांबलं त्याच उंचीला भोक आहे. ११८ मिमीवर काय आहे ते बघा. कमोडच्या पाइपचा खांदा, माथ्याच्या जरासा खाली. म्हणजे ग्राउट खाली बसून राहिलेली तीच फट. पाणी काढा, जागा सुकवा, पाइपच्या माथ्यावरचा ग्राउट खरवडून उघडा, सीलंट भरा, जाळी आणि दोन हात द्या, पुन्हा तीन दिवस सुकवा आणि चाचणी पहिल्यापासून पूर्ण ७२ तासांची घ्या. नुसत्या दुरुस्त केलेल्या जागेवर पाणी ओतून पाहण्याला अर्थ नाही, पहिल्या गळतीमुळे तिच्याखालची दुसरी गळती लपलेली असू शकते.

पाणी थांबतच नसेल, तळापर्यंत उतरत असेल, तर दोष तळात किंवा वाट्याच्या बुडाशी आहे. आणि बाथरूममध्ये पातळी स्थिर असताना खाली ठिबकत असेल, तर कोटिंगला दोष देण्याआधी नळाच्या आणि ड्रेनेजच्या लाइनकडे, शिवाय वरच्या मजल्याकडे पाहा.

भराव आणि वरचा थर

पास झालेल्या कोटिंगवर थेट विटांचे तुकडे टाकू नका, त्यांच्या धारेने ते फाटतं. आधी १५ ते २० मिमी मालाचा संरक्षक थर द्या. भरावाला विटांच्या तुकड्यांऐवजी एएसी ब्लॉकचे तुकडे वापरले तर वजन बरंच कमी होतं, पण ते पाणी धरून ठेवतात, म्हणून कोरडे असतानाच सिमेंटच्या मालात बसवा. त्यावर १:४ मालाचा थर द्या आणि ढाळ इथेच काढा. तो टाइलच्या मालात काढायचा ठेवला तर कोटिंग सपाट राहतं आणि टाइलखाली पाणी साचतं. ढाळ १०० ला १ ते ८० ला १ असावा. दारापासून ट्रॅपपर्यंत ७ फूट, म्हणजे २१ ते २७ मिमीचा उतार. लेव्हल ट्यूबने मोजून बघा, नजरेवर सोडू नका.

हा थर सात दिवस पाण्याने पिकवून, सुकवून त्यावर पुन्हा वाटा, जाळी आणि कोटिंगचे दोन हात. पाइपांसाठी भिंतीत मारलेल्या खाचा त्याआधी सिमेंट मालाने भरलेल्या असाव्यात, जिप्सम प्लॅस्टरने नव्हे, कारण ते ओलीत नरम होतं. नळांच्या तोंडांना बुच लावून त्यांच्याभोवतीही कोटिंग घ्या. ट्रॅपपाशी कोटिंग कडेपाशी थांबवू नका, कॉलरवरून आत १५-२० मिमी उतरवा. त्याआधी तो भाग सॅंडपेपरने घासायचा आणि कॉलरच्या बाहेरून सीलंटची रेघ द्यायची.

उंबऱ्यावर बहुतेक कामं फसतात, कारण तिथे ग्रॅनाइट किंवा कडाप्प्याची पट्टी आधी बसवतात आणि कोटिंग तिच्यापर्यंत येऊन संपतं. मग पाणी पट्टीखालून बेडरूममध्ये शिरतं. दाराच्या फरशीशेजारचं प्लॅस्टर फुगतं आणि चौकटीचं लाकूड बुडाशी काळं पडतं, ते यामुळे. क्रम उलटा हवा. दारात पट्टीच्या खाली, बाहेरच्या कडेला, मालाची २५-३० मिमी उंच बारीक भिंत घाला. कोटिंग तिच्यावर चढवा आणि दोन्ही टोकांना चौकटीच्या भिंतींवरच्या कोटिंगला जोडा. पट्टी मग या कोटिंगवर चिकटवा, तिच्याखाली खिळा किंवा स्क्रू मारू नका.

दुसऱ्या चाचणीत नहाणी ट्रॅप बंद कसा करता याला महत्त्व आहे. पुष्कळदा ट्रॅपभोवती मातीचा किंवा सिमेंटचा बांध घालून पाणी अडवतात. त्याने ट्रॅपची कड कोरडीच राहते आणि सर्वांत कच्चा जोड तपासला जात नाही. फुगणारा रबरी प्लग ट्रॅपच्या आत, कोटिंग जिथे संपतं त्याच्याही खाली बसवा. दारात एक विटेचा तात्पुरता बांध कोटिंग केलेल्या कडेच्या बाहेर घाला आणि पाणी उंबऱ्याच्या बाजूला निदान ३५ ते ४० मिमी राहील एवढं भरा, म्हणजे ती बारीक भिंतही पाण्याखाली जाईल. ढाळामुळे ट्रॅपकडे खोली ६० मिमीच्या आसपास भरेल. बादली, रेघा आणि ७२ तास पूर्वीसारखेच. या वेळी भरावाने पाणी प्यालं तर खाली लगेच काही दिसणार नाही, म्हणून पातळीवर जास्त विसंबा आणि २५ मिमीच्या पाइपचं तोंड रोज पाहा. या चाचणीत ते उघडं ठेवायचं. तिथे ठिबक दिसली तर वरचा थर गळतोय.

पास झाल्यावर पाणी काढा, एक-दोन दिवस सुकू द्या आणि लवकरात लवकर टाइल लावून घ्या. उघड्या कोटिंगवर बाकीच्या कामगारांची ये-जा होऊ देऊ नका. टाइल जाड मालात न बसवता आयएस १५४७७ च्या टाइल अॅडहेसिव्हने, दातेरी थापीने, ३ ते ६ मिमी थरात बसवा. जाड वाळूचा माल स्पंजसारखा पाणी धरतो आणि सांध्यांतून पांढरी पूड येत राहते. टाइल कापताना ग्राइंडर कोटिंगवर टेकवू नये, आणि कमोड जमिनीवरचा असेल तर त्याचे स्क्रू मारण्याआधी भोकात सीलंट भरावं. त्या दोन स्क्रूंनी कोटिंग फुटतं. शक्य असेल तर कमोड स्क्रूशिवाय, अॅडहेसिव्ह आणि सिलिकॉनवर बसवून घ्या.